खानदेश नेमका कुठून कुठपर्यंत? एका नकाशाच्या निमित्ताने

प्रश्न: "आमच्या मंडळाच्या स्मरणिकेसाठी अहिराणी लोकगीतांचा संग्रह काढतोय आणि त्यात खानदेशाचा नकाशा द्यायचा आहे. मी सटाण्याचा. कोणी म्हणतं खानदेश म्हणजे धुळे, जळगाव, नंदुरबार हे तीन जिल्हे, बस. कोणी बऱ्हाणपूर धरायला सांगतं. आमचा सटाणा आणि मालेगाव त्यात घ्यायचे की नाही यावरून तर मंडळात दोन तट पडलेत. खरी हद्द कोणती, आणि ती नकाशावर काढायची कशी?"

मी बोलींच्या नोंदी आणि गावांच्या नावांचे नकाशे यांवर गेली सत्तावीस वर्षं काम करतोय. यातला माझा पहिला नकाशा खानदेशाचाच होता आणि तो चुकला होता. तीन जिल्ह्यांची बाहेरची रेघ जाड केली, आत पिवळा रंग भरला, वर नाव टाकलं. प्रकाशनाच्या दिवशी कळवण तालुक्यातल्या एक आजी नकाशासमोर उभ्या राहिल्या. त्यांच्याकडून मी चाळीसेक ओव्या उतरवून घेतल्या होत्या. त्यांना स्वतःचं गाव पांढऱ्या भागात दिसलं. त्या एवढंच म्हणाल्या, "मंग मनं गानं कोठलं शे?" तेव्हापासून मी अशा प्रदेशाची एक बंद रेघ काढत नाही. तुमच्या मंडळातले दोन्ही तट बरोबर आहेत, कारण ते दोन वेगवेगळ्या खानदेशांबद्दल बोलताहेत.

आधी एक गोष्ट स्पष्ट करतो. खानदेशाची हद्द आज सरकारदरबारी ठरलेली नाही. विदर्भ आणि मराठवाडा यांचं तसं नाही. संविधानाच्या कलम 371(2) नुसार 1994 साली विकास मंडळं झाली तेव्हा विदर्भ, मराठवाडा आणि उर्वरित महाराष्ट्र असे तीन भाग धरले गेले, त्यामुळे पहिल्या दोघांचे जिल्हे सरकारी कामापुरते ठरलेले आहेत. खानदेश त्या 'उर्वरित'मध्ये गेला. महसुली विभाग आहे तो नाशिकचा. विद्यापीठाच्या नावात आहे 'उत्तर महाराष्ट्र'. आज खानदेश नावाचा जिल्हा नाही आणि विभागही नाही. त्यामुळे कुठल्याही कचेरीत जाऊन हद्दीचा दाखला मागता येत नाही. मात्र एके काळी तो मागता येत होता, आणि खरा घोळ तिथूनच सुरू होतो, कारण प्रत्येक काळाचा दाखला वेगळा आहे.

जुनी वर्णनं कशी वाचायची

सर्वांत जुनं नेमकं वर्णन म्हणून मी ऐन-ए-अकबरी घेतो. फारुकी सुलतानांकडून अकबराने 1601 मध्ये असीरगड घेतला आणि शाहजादा दानियालच्या नावावरून सुभ्याला 'दानदेश' म्हटलं. अबुल फजल या सुभ्याचा विस्तार असा सांगतो: लांबी हंडियाला लागून असलेल्या बोरगावपासून अहमदनगरच्या मुलखाला लागून असलेल्या लळिंगपर्यंत 75 कोस, रुंदी वऱ्हाडाला लागून असलेल्या जामोदपासून माळव्याला लागून असलेल्या पालपर्यंत 50 कोस, काही ठिकाणी 25 कोसच.

हे वर्णन नीट बघा. त्यात रेघ कुठेच नाही. चार ठिकाणं आहेत आणि प्रत्येक ठिकाणापलीकडे कोण आहे ते सांगितलंय. त्या काळी मुलूख असाच सांगत. बऱ्हाणपूर-असीरगड हे त्याचं ठाणं, आणि तिथून चार दिशांना आपला अंमल कुठल्या शेवटच्या ठाण्यापर्यंत चालतो याची ती नोंद. म्हणून हे वाचताना कोसांना किलोमीटरने गुणून चौकट आखायची नाही. कोसाचं माप प्रांताप्रांतात बदलत होतं आणि ते वाटेने मोजलेलं असे, नकाशावर पट्टी ठेवून नव्हे. टोकांची नावं मात्र पक्की धरायची. जामोद म्हणजे आजच्या बुलढाणा जिल्ह्यातल्या जळगाव जामोदमधला जामोद. पाल रावेर तालुक्यात सातपुड्यात आहे. लळिंग म्हणजे धुळ्याच्या दक्षिणेला महामार्गालगत दिसणारा किल्ला.

आता या चार टोकांवरून काय दिसतं ते सांगतो. आज आपण ज्याला खानदेशाचं मोठं शहर म्हणतो ते धुळे तेव्हा जेमतेम कडेच्या आत होतं. नंदुरबार तर त्यात नव्हतंच. ऐनमध्ये नंदुरबार हे माळवा सुभ्यातलं सरकार आहे. आणि तुमचं सटाणा? तुम्ही बागलाणात होता. मुल्हेर-साल्हेर ज्यांच्या ताब्यात होते त्या राठोड राजांचं ते वेगळं राज्य. 1638 मध्ये औरंगजेबाच्या मोहिमेत ते मोगलांकडे गेलं आणि मग खानदेश सुभ्याला जोडलं गेलं. म्हणजे अकबराच्या वेळी सटाण्याच्या माणसाला खानदेशी म्हटलं असतं तर त्याने मान हलवून नाही म्हटलं असतं. त्याच्या नातवा-पणतवाच्या वेळी मात्र कागदोपत्री तो खानदेशात होता.

1818 मध्ये पेशवाई गेली आणि इंग्रजांनी खानदेश जिल्हा केला, ठाणं धुळ्याला. बऱ्हाणपूर त्यात नव्हतं. ते शिंद्यांकडे राहिलं आणि पुढे मध्य प्रांताच्या निमाड जिल्ह्यात गेलं. ज्या शहरावरून सुभा चालायचा तेच शहर नावातून निसटलं ते असं. आज ते मध्य प्रदेशातलं स्वतंत्र जिल्ह्याचं ठिकाण आहे, आणि रोजच्या बोलण्यात त्याला निमाडात धरतात. बऱ्हाणपूर धरा म्हणणाऱ्या तुमच्या सभासदांना सांगा, की सुभ्याचा नकाशा काढणार असाल तर ते मधोमध हवं. लोकगीतांच्या नकाशात त्याची जागा नाही.

मालेगाव, नांदगाव आणि बागलाण हे मात्र या इंग्रजी खानदेशात होते. 1869 मध्ये नाशिक जिल्हा झाला तेव्हा ते काढून नाशिकला जोडले. पुढे 1906 मध्ये उरलेल्या खानदेशाचे पूर्व आणि पश्चिम असे दोन जिल्हे झाले, ठाणी जळगाव आणि धुळे. 1960 मध्ये महाराष्ट्र-गुजरात वेगळे होताना पश्चिम खानदेशातली नवापूर, नंदुरबार, तळोदा, अक्कलकुवा या बाजूची दीडशेहून अधिक गावं गुजरातकडे गेली. त्यानंतर दोन्ही जिल्ह्यांना जळगाव आणि धुळे ही नावं मिळाली आणि 'खानदेश' हा शब्द जिल्ह्यांच्या नावांतून गेला. 1998 मध्ये धुळ्यातून नंदुरबार वेगळा झाला. "तीन जिल्हे म्हणजे खानदेश" हे जे आज इतकं पुरातन वाटतं ते खरं तर 1869 नंतर उरलेल्या जिल्ह्याचं, 1960 ला कड कापलेलं रूप आहे. तुमच्या मंडळातला 'तीन जिल्हे'वाला तट याच रूपाबद्दल बोलतोय. ते चूक नाही, फक्त त्याला साल जोडलेलं नाही.

आता हे सगळे दाखले एकावर एक ठेवा, म्हणजे ट्रेसिंग पेपरवर प्रत्येक काळाची गावं मांडून थर रचतात तसे. काही नावं प्रत्येक थरात येतात: एरंडोल, अमळनेर, पाचोरा, भडगाव, चोपडा, रावेर. ऐनच्या परगण्यांत ती आहेत, इंग्रजी जिल्ह्यात आहेत, आजही त्यांच्याबद्दल वाद नाही. हा झाला गाभा, तापी आणि गिरणेच्या काठचा काळ्या मातीचा सपाट पट्टा. खानदेशाचं वर्णन मी नेहमी या गाभ्यापासून सुरू करतो आणि बाहेर जातो. कडेकडून आत आलं की पहिल्याच गावाला भांडण सुरू होतं.

पाण्याचा निकष, आणि तो कुठे फसतो

दाखल्यांनंतर मी नद्या बघतो. उत्तरेला सातपुडा, दक्षिणेला अजिंठ्याचे आणि सातमाळ्याचे डोंगर, पश्चिमेला सह्याद्री, आणि या तिघांच्या मधून पश्चिमेकडे वाहणारी तापी. वाघूर, गिरणा, बोरी, पांझरा, बुराई, अनेर, गोमाई या सगळ्या तिला मिळतात. महाराष्ट्राच्या बाकी पठारावरचं पाणी पूर्वेकडे जातं, इथलं पश्चिमेकडे. पाऊस, पीक, बैलगाडीची वाट आणि सोयरीक ही बहुतेक पाण्याच्या उताराने जातात, म्हणून हा निकष उपयोगाचा.

दक्षिणेची कड त्यामुळे फार स्पष्ट आहे. चाळीसगावहून कन्नडचा घाट चढा. खाली खानदेश, वर मराठवाडा. डोंगर, पाणलोट, जुनी निजामाची सरहद्द आणि आजचा जिल्हा, चारही एकाच घाटात जुळतात. अशी जागा मिळाली की रेघ काढायला हरकत नाही. पण थोडं पूर्वेला जा. सोयगाव तालुका डोंगराच्या खाली आहे, त्याचं पाणी वाघुरेतून तापीला जातं, बाजारहाट जळगाव-पाचोऱ्याकडे ओढतो, तरी तो छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यात, म्हणजे मराठवाड्यात आहे. निजामाची हद्द तिथे डोंगर उतरून खाली आली होती. सटाण्याच्या माणसाला सोयगाव लगेच समजेल. पाणी एकीकडे आणि कचेरी दुसरीकडे ही तुमचीच गोष्ट आहे: गिरणा कळवणच्या डोंगरात उगवते, मोसम मालेगावाजवळ तिला मिळते आणि दोघींचं पाणी खानदेशात जातं, पण तुमचे दाखले निघतात नाशिकहून.

पूर्वेला मात्र हा निकष साफ फसतो. मुक्ताईनगर तालुक्यात चांगदेवला पूर्णा तापीला मिळते. पूर्णेचं खोरं धरत वर गेलात तर मलकापूर, शेगाव करत अकोला आणि अमरावतीपर्यंत पोहोचाल. ते सगळं तापीचंच खोरं, पण अकोल्याला कोणी खानदेश म्हणणार नाही. तिथे डोंगर आडवा नाही, माती तीच, कापूसही तोच. जे वेगळं आहे ते राजकीय: वऱ्हाड आणि खानदेश हे मोगलांच्या आधीपासून वेगवेगळे मुलूख राहिले, पुढे वऱ्हाड निजामाकडे आणि खानदेश पेशव्यांकडे होता, मग इंग्रजांच्याही दोन वेगळ्या प्रांतांत. म्हणजे पूर्वेची कड निसर्गाने नव्हे, कारभाराने घडवली, आणि इतकी वर्षं टिकल्याने ती लोकांच्या बोलण्यात उतरली. जळगाव नावाच्या दोन गावांना वेगळं ओळखण्यासाठी लोक 'जळगाव खानदेश' आणि 'जळगाव जामोद' म्हणतात. अशी जोडनावं शोधत राहा, ती फार प्रामाणिक पुरावा असतात. गंमत अशी की ऐनमध्ये हाच जामोद खानदेशाचं टोक आहे.

बोलीचा निकष

तुमचा नकाशा लोकगीतांचा आहे, त्यामुळे हा भाग तुमच्यासाठी सर्वांत महत्त्वाचा. इथे एक समज आधी बाजूला ठेवायला हवा, तो म्हणजे खानदेश बरोबर अहिराणी. नाही. भुसावळ, यावल, रावेर, मुक्ताईनगर या भागात लेवा गणबोली आहे, जामनेरच्या बाजूला तावडी. जळगावजवळच्या आसोद्याला जन्मलेल्या बहिणाबाई चौधरींची बोली ही लेवांचीच, अहिराणी नव्हे. आता बहिणाबाईंना खानदेशाबाहेर काढायला कोण तयार होईल? म्हणजे अहिराणीच्या निकषाने काढलेला खानदेश पूर्वेला तोकडा पडतो आणि नैऋत्येला तीन जिल्ह्यांच्या बाहेर सांडतो.

अहिराणी कुठे संपते हे ओळखायला कोणती खूण धरायची, यात नवख्यांची हमखास चूक होते. ते 'माले', 'तुले', 'त्याले' यातला 'ले' धरतात, कारण तो कानाला पटकन जाणवतो. पण 'ले' लेवा बोलीतही आहे आणि वऱ्हाडीतल्या 'मले'मध्येही. त्याच्या मागे लागलात तर नागपूरपर्यंत चालत जाल. खूण अशी हवी जी आत सर्वत्र असेल आणि शेजाऱ्याकडे नसेल. मी दोन धरतो. एक, 'आहे'ऐवजी 'शे'. दुसरी, 'चा-ची-चं'ऐवजी 'ना-नी-नं': 'मना भाऊ', 'गावनी वाट', 'घरनं दार'. भुसावळकडे गेलं की 'चा-च्या' परत येतात. दोन्ही खुणा एकाच माणसाच्या सहज बोलण्यात सापडल्या तर गावापुढे भरीव ठिपका, एकच सापडली किंवा फक्त म्हाताऱ्यांकडे सापडली तर पोकळ ठिपका. आणि नोंद घेताना विचारायचं नाही की तुम्ही 'शे' म्हणता का. त्याला सून कुठली केली, विहिरीला पाणी किती आहे, असं काहीतरी विचारायचं आणि ऐकायचं. थेट विचारलं की माणूस एक तर लाजून शाळेतलं मराठी बोलतो, नाही तर तुम्हाला हवं तेच देतो.

याच कारणाने जनगणनेचे भाषेचे आकडेही एकट्याने पुरत नाहीत. 2011 मध्ये 'खानदेशी' या गटात, ज्यात अहिराणीही मोजतात, अठरा लाखांहून अधिक लोकांची मातृभाषा नोंदली गेली, पण घरी अहिराणी बोलून रकान्यात 'मराठी' लिहिणारी माणसं मला प्रत्येक गावात भेटली आहेत. आकडा कमीत कमी किती ते सांगतो, कुठवर ते सांगत नाही.

सणांच्या खुणा जोडीला घ्या. श्रावणात कानबाई बसते, आखाजीला माहेरवाशिणी झोके घेतात आणि गाणी म्हणतात, खापरावरचे मांडे होतात. तुमच्याकडेही हे सगळं आहे. फक्त एक काळजी घ्या: कानबाई आज सुरतेतही बसते आणि नाशिकच्या कामगार वस्त्यांतही, कारण माणसं पोटासाठी तिकडे गेली. स्थलांतराने गेलेली खूण प्रदेशाची कड दाखवत नाही. म्हणून दर ठिकाणी विचारा, "तुमच्या घरात कानबाई कुठून आणली?" "आमची इथलीच" आणि "सासऱ्यांनी अमळनेरहून आणली" ही दोन उत्तरं नकाशावर वेगळी पडतात.

एका रस्त्यावरून चालून बघू

हे सगळं एकत्र कसं वापरायचं ते दाखवायला मी नेहमी मुंबई-आग्रा महामार्ग घेतो, आणि तो तुमच्या वादाच्या बरोबर मधून जातो. पिंपळगाव बसवंतहून निघा. वडाळीभोई, मग चांदवड. इथपर्यंत पाणी गोदावरीकडे, बोली नाशिककडची. "खानदेश कुठं आलं?" असं चहाच्या टपरीवर विचारलं की बहुतेक जण हाताने घाटाकडे दाखवतात: "घाट उतरला की." राहुडचा घाट उतरलात की पाणी गिरणेकडे वळतं. उमराण्याला कानावर 'शे' पडायला लागतो, मालेगावाच्या आसपासच्या खेड्यांत तो पुरता आहे. पुढे झोडगे, मग लळिंगचा घाट आणि धुळे.

या एकाच रस्त्यावर खानदेशाच्या दोन कडा आहेत. अबुल फजलची लळिंगला. बोलीची आणि पाण्याची राहुडला. दोन्हींच्या मधे सत्तर किलोमीटरच्या आसपास अंतर आहे, आणि तिसरी कड, 1869 पासूनची जिल्ह्याची, या दोन्हींच्या मधे झोडग्यापुढे कुठेतरी रस्ता ओलांडते. सतराव्या शतकात बागलाण आणि गाळण्याचा मुलूख सुभ्याला जोडला गेला तेव्हा नाव लळिंगवरून पुढे सरकलं, 1869 मध्ये कारभार मागे आला, पण नाव आणि बोली पुढेच राहिली.

आता तुमच्या सटाण्याला हाच प्रश्न विचारला की काय ऐकू येतं? मी तिथे तीन उत्तरं ऐकली आहेत. म्हातारी माणसं म्हणतात, "आम्ही बागलाणना." तालुक्याचं नाव आजही बागलाणच आहे, त्यामुळे ते नाव जिवंत राहिलंय. मधल्या पिढीतली माणसं म्हणतात, "कसमादे." कळवण, सटाणा, मालेगाव, देवळा यांची पहिली अक्षरं घेऊन झालेलं हे नाव कांदा, डाळिंब आणि पाटाच्या पाण्याच्या राजकारणात रुळलं. त्याला ना सुभ्याचा आधार, ना जिल्ह्याचा, तरी त्याचा विस्तार सगळ्यांना ठाऊक आहे, कारण तो नावातच लिहिलाय. आणि नाशकात खोली घेऊन राहणारी तुमची पोरं म्हणतात, "आम्ही खानदेशी," कारण तिथे त्यांच्या बोलीवरून लोक त्यांना तेच म्हणतात. तिन्ही उत्तरं खरी आहेत. माणूस जवळच्याशी बोलताना लहान प्रदेशाचं नाव सांगतो आणि लांबच्याशी बोलताना मोठ्या. म्हणून चौकशीच्या वहीत उत्तराबरोबर "कुठे आणि कुणापुढे सांगितलं" हा रकाना हवाच. तो नसला की तीन उत्तरं एकमेकांना खोडणारी वाटतात.

म्हणूनच "तुमचं गाव खानदेशात येतं का?" हा प्रश्न मी विचारत नाही. त्याला 'हो' मिळतं, आणि पाहुण्याचं मन राखलं एवढाच त्याचा अर्थ असतो. "इथून खानदेश किती लांब?" असं विचारा. गाभ्यातला माणूस गोंधळतो किंवा हसतो: "आठेच शे ना!" बाहेरचा माणूस गावाचं किंवा घाटाचं नाव घेतो. कडेवरचा माणूस थांबतो, विचार करतो, मग म्हणतो, "पलीकडे, पण आम्ही पण तसेच." तो थांबला की समजा, कड सापडली. धडगावच्या बाजूला सातपुड्यात मी हाच प्रश्न विचारला तेव्हा एका पावरा गृहस्थांनी क्षणाचाही विचार न करता सांगितलं, "खाली. शहाद्याला." नकाशात त्यांचा जिल्हा पूर्ण खानदेशात रंगवलेला असतो, पण ते स्वतःला डोंगरातले समजतात. उत्तरेला जिल्ह्याची हद्द सातपुडा ओलांडून नर्मदेपर्यंत जाते आणि नाव डोंगराच्या पायथ्याशी थांबतं. नवापूर आणि पिंपळनेरच्या पश्चिमेला मावची आणि कोकणा वस्त्यांतही मला हाच अनुभव आला. त्या भागावर रंग भरताना हात आखडा, तिथल्या लोकांनी ते नाव मागितलेलं नाही.

तुमचा नकाशा

तुमच्या स्मरणिकेसाठी मी तीनच गोष्टी काढीन. तापी-गिरणेचा गाभा भरीव रंगात, पण कडेला रंग फिका होत जाणारा. कन्नड घाटापाशी आणि अजिंठ्याच्या कड्यावर तेवढी ठाम रेघ, कारण तिथे ती खरी आहे. आणि ज्या गावांतून गाणी मिळाली त्या प्रत्येक गावाचा ठिपका, मग तो कुठल्याही जिल्ह्यात असो. तालुके भरून रंगवू नका. तालुका रंगवला की त्यातलं प्रत्येक गाव तुम्ही तपासलंय असा दावा होतो, आणि चांदवड किंवा नांदगावसारख्या तालुक्यात अर्धी गावं इकडची आणि अर्धी तिकडची निघतात. आजचे जिल्हे दाखवायचे तर बारीक तुटक करड्या रेषेने, फक्त वाचणाऱ्याला गाव सापडावं म्हणून.

खाली ओळ कोणती लिहायची ते मी इथेच देतो, हवी तर तशीच घ्या: "या नकाशात खानदेश म्हणजे आज ज्या गावांत अहिराणी घरची बोली आहे तो प्रदेश: धुळे जिल्ह्याचा बहुतेक भाग, नंदुरबार जिल्ह्याचा सपाटीचा भाग, जळगाव जिल्ह्याचा पश्चिम भाग आणि नाशिक जिल्ह्यातलं गिरणा-मोसम खोरं (कसमादे). जळगावच्या पूर्वेकडील लेवा आणि तावडी बोलींचा भाग खानदेशातच येतो, पण या संग्रहात नाही." शेवटचं वाक्य गाळू नका. ते गाळलंत तर भुसावळहून पहिलं पत्र येईल, आणि ते पत्र बरोबर असेल.

आता नावाची अक्षरं. नवशिका माणूस 'खानदेश' हा शब्द एकगठ्ठा लिहून धुळ्यावर ठेवतो, मग वाचणाऱ्याला वाटतं तेच त्याचं मूळ. अक्षरं सुटी करा आणि तापीच्या वळणाने पसरा: 'खा' शिंदखेड्याच्या उत्तरेला, 'न' अमळनेर-चोपड्याच्या मधे, 'दे' एरंडोल-जळगावापाशी, 'श' भुसावळच्या अलीकडे. गिरणेच्या खोऱ्यात, सटाणा आणि मालेगावच्या मधल्या जागेत, लहान तिरप्या अक्षरात 'बागलाण' लिहा. तुमच्या गावातल्या म्हाताऱ्यांना नकाशात आपलं नाव तिथेच सापडायला हवं.